आठ-आठ सेकंदांचा माणूस

त्या माणसाचा एकच फोटो शिल्लक होता. साखर कारखान्याच्या सभासदाचं ओळखपत्र होतं, त्यावरचा, बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा. घरातले सगळे अल्बम महापुराच्या पाण्यात गेले, पण ओळखपत्र लॅमिनेट केलेलं असल्यामुळे वाचलं. शिरोळकडून आलेल्या त्यांच्या मुलाने ते रुमालातून काढून माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "पावणं, ह्यातनं आमचं बापू चालतं-बोलतं करता येतील का?"

आमचा स्टुडिओ राजारामपुरीत, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर आहे. मी आयुष्यभर लग्नाचे व्हिडिओ जोडत आलो. अलीकडे लोकांना वेगळंच काहीतरी हवं असतं, म्हणून एक बाई कामात भागीदार म्हणून घेतल्या. त्या गडमुडशिंगीहून येतात, वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. एआयकडून दृश्यं तयार करून घेण्याचं काम त्यांचं आणि ती जोडून, रंग-आवाज बसवून फिल्म करण्याचं काम माझं. त्या मला दादा म्हणतात. मी त्यांना मॅडम म्हणतो, आधी गमतीने म्हणायचो, मग तेच नाव पडलं.

मुलाचं म्हणणं साधं होतं. आईचा पंच्याहत्तरावा वाढदिवस होता. त्यात वडिलांवरची चार-पाच मिनिटांची फिल्म दाखवायची. वडील दारातून बाहेर पडतात, गोठ्यात जातात, बैलाच्या पाठीवर हात फिरवतात, उसाच्या कडेने चालत जातात, एवढंच. जाताना जिन्यात थांबून त्याने मला एकट्याला सांगितलं की आईला हल्ली वडिलांचा चेहरा नीट आठवत नाही. ती त्या ओळखपत्राकडे बघत बसते, पण तेवढ्याशा फोटोतून तिला काही मिळत नाही.

"चुकीचा चेहरा दाखवू नगासा," तो म्हणाला. "एकदा बगितला की त्योच बसंल तिच्या डोक्यात. मग खरा गेला तो गेलाच."

हे वाक्य मी मॅडमना जसंच्या तसं सांगितलं. निदान तेवढं तरी मी नीट केलं.

हे काम बाहेरून दिसतं तितकं सोपं नाही. आम्ही वापरतो ते एआय एका वेळी आठ सेकंदांचा तुकडा देतं. पुढचा तुकडा मागताना त्याला मागचा आठवत नसतो. पहिल्या तुकड्यातला म्हातारा दुसऱ्यात पुन्हा नव्याने जन्माला येतो आणि आपण बांधून ठेवलं नाही तर नाक बदलतं, फेटा बदलतो, घराला एक पायरी जास्त येते. म्हणून मॅडमनी आधी त्या छोट्या फोटोवरून चेहऱ्याची मोठी चित्रं तयार केली, समोरून, बाजूने आणि तिरक्या अंगाने. काळासावळा रंग, रुंद नाक, डाव्या भुवईला मधोमध कापणारी जुन्या जखमेची खूण. मुलाने ती चित्रं बघून मान हलवली, तेव्हाच पुढचं काम सुरू झालं. घराचंही तसंच. निळा दरवाजा, तीन पायऱ्या, डाव्या हाताला कडुनिंब, उजव्या हाताला गोठा. मुलाच्या सांगण्यावरून घराचं एक चित्र पक्कं केलं आणि इतर बाजूंची चित्रं त्यावरूनच काढली. माणसाचं आणि घराचं वर्णन मॅडमनी एकदाच लिहून ठेवलं आणि दर वेळी त्यातला एक शब्दही न बदलता वापरलं. एकदा कडुनिंब उजवीकडे आला, तर त्यांनी तो चांगला जमलेला तुकडा सरळ टाकून दिला. मी म्हटलं, झाडाकडे कोण बघतंय. त्या म्हणाल्या, जिने त्याखाली धुणं वाळत घातलंय ती बघेल.

आमच्यात मतभेद झाला तो जोडण्यावरून. मॅडमचं म्हणणं होतं की प्रत्येक तुकडा मूळ चित्रांपासून नव्याने करायचा, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये हात, पाय, उसाची पानं असं काहीतरी दाखवून सांधा झाकायचा. मला ते तुटक वाटत होतं. म्हातारा दारातून निघून थेट उसापर्यंत न थांबता चालत जाताना दिसायला हवा, असा माझा हट्ट. लग्नातल्या वरातीचं सलग शूटिंग मला नेहमीच आवडत आलंय, ते असावं. मग ठरलं ते असं. मी तुकडा माझ्याकडच्या फिल्ममध्ये बसवायचा, त्याची शेवटची फ्रेम चित्र म्हणून काढून आमच्या दोघांच्या सामाईक फोल्डरमध्ये टाकायची आणि मॅडमनी त्या फ्रेमपासून पुढचा तुकडा सुरू करायचा. म्हणजे आधीचा जिथे संपला तिथूनच पुढचा चालू. सांधा दिसत नव्हता. मी खूष होतो.

वाढदिवसाच्या आधी एकदा आईंना दाखवून घ्यावं, असं मुलाने ठरवलं. तो त्यांना घेऊन दुपारी आला. जिना चढून त्या दमल्या होत्या. पाणी पिऊन खुर्चीत बसल्या आणि पदर नीट करून पडद्याकडे वळल्या, कुणाला तरी भेटायला आल्यासारख्या.

दार उघडलं. म्हातारा पायऱ्या उतरला. आईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "हां," त्या म्हणाल्या, एवढंच. म्हातारा कडुनिंबाखालून गेला, गोठ्याकडे वळला, बैलाला थोपटलं, बांधावरून चालायला लागला. आई पुढे झुकल्या. थोडा वेळ गेला आणि त्यांनी मुलाच्या दंडाला हात लावला.

"ह्यो कोण पावणा?" त्या म्हणाल्या. "आमचं मालक कुठं गेलं?"

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी फिल्म थांबवली. पडद्यावर बांधावर उभा असलेला माणूस उजळ कांतीचा, गुळगुळीत गालाचा होता. भुवईवरची खूण नव्हती. फेटा तोच, सदरा तोच, बांध तोच. मी ती फिल्म किती वेळा बघितली होती, आणि मला हे दिसलं नव्हतं. रोज बघणाऱ्याला दिसत नाही असं म्हणता येईल, पण मी तेव्हा स्वतःला एवढं विचारण्याच्याही भानगडीत पडलो नाही. माझी नजर सरळ मॅडमकडे गेली. त्याही पडद्याकडेच बघत होत्या, पण मला वाटलं, यांना धक्का बसलेला नाही.

मुलाला मी आठ दिवसांची मुदत मागितली.  

त्या दिवसापासून मी मॅडमवर नजर ठेवायला लागलो. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच झालं. त्या काय टाइप करतात ते मी पाण्याची बाटली भरायला उठल्यासारखं करून मागून बघायचो. फोनवर बोलायला त्या बाहेर गेल्या की मला वाटायचं, आताच का बाहेर. आणि एकदा त्या जेवायला खाली गेलेल्या असताना मी त्यांच्या कॉम्प्युटरवर बसलो आणि या कामाचं फोल्डर उघडलं.

त्यात एका दुसऱ्याच माणसाचा फोटो होता. अंगणात उभा, धोतर, सदरा, हात पाठीमागे बांधलेले. गोरा, सरळ नाकाचा. मला वाटलं, सापडला. बांधावरचा माणूस हाच. मॅडमनी कुणाचा तरी तयार फोटो घालून काम उरकलं, किंवा त्याहून वाईट काही. मी फोल्डर बंद केलं आणि आपल्या खुर्चीत येऊन बसलो. त्या जिना चढून आल्या आणि म्हणाल्या, दादा, खाली कांदाभजी गरम आहेत, जाऊन या. मी म्हटलं, भूक नाही.

इथेच विचारलं असतं तर संपलं असतं. मी विचारलं नाही. त्या आधी जिथे काम करायच्या त्या स्टुडिओवाल्याला फोन लावला आणि आडून आडून चौकशी केली. त्याने कुठलाही प्रसंग सांगितला नाही. फक्त, "सांभाळून ऱ्हावा म्हंजे झालं," एवढं म्हणाला. तो असं कुणाबद्दलही म्हणतो हे मला माहीत होतं. तरी मी ते पुरावा म्हणून घेतलं. आणि शिरोळहून मुलाचा फोन आला, की नक्की झालं काय, तेव्हा मी म्हणालो की आमच्या मॅडमकडून दुसऱ्या कुणाचा तरी फोटो आत गेलाय असं दिसतंय, मी बघतो. आवाजात इतका समजूतदारपणा आणून म्हणालो की आता आठवलं तरी लाज वाटते.

शेवटी मी मॅडमना जे विचारलं तेही सरळ नव्हतं. बांधावरची फ्रेम पडद्यावर आणली आणि म्हटलं, "हा चेहरा तुम्हाला ओळखीचा वाटतो का?"

त्या म्हणाल्या, "नाही. पण कुठून बदलला ते बघू या का?"

मी म्हटलं, बघा. त्यांनी एआयने दिलेले सगळे तुकडे, मी हात लावण्याआधीचे, ओळीने उघडले. पहिला, दारातून बाहेर येण्याचा, अगदी बरोबर होता. रंग बरोबर, खूण बरोबर. त्याची शेवटची फ्रेम त्यांनी एका बाजूला ठेवली. दुसऱ्या बाजूला मी सामाईक फोल्डरमध्ये टाकलेली तीच फ्रेम ठेवली. क्षण तोच, माणूस तोच. माझ्याकडून आलेला जरा उजळ होता. गालावरच्या सुरकुत्या जरा पुसट. फरक इतका थोडा की एकेकटी दाखवली तर कुणाच्या लक्षात आला नसता. मग त्यांनी दुसरा तुकडा उघडला, जो माझ्या फ्रेमपासून सुरू झाला होता. त्याचा शेवट आणि माझ्याकडून गेलेला त्याचा शेवट. पुन्हा थोडा उजळ. तिसरा. चौथा. बांधावर पोहोचेपर्यंत म्हातारा नवरदेवासारखा गोरागोमटा झाला होता, आणि एवढ्या मऊ केलेल्या भुवईत खूण कुठे आहे हे एआयला दिसत नव्हतं, म्हणून त्याने ती सोडून दिली होती.

मी माझी फिल्म उघडली आणि वरच्या टोकाला सरकवली. सगळ्यात वर एक थर होता, पहिल्या तुकड्यापासून शेवटच्या तुकड्यापर्यंत पसरलेला. त्याचं नाव मीच कधीतरी टाकलं होतं, "नवरदेव-नवरी". लग्नाचं प्रत्येक काम मी एकाच तयार साच्यात सुरू करतो, म्हणजे आवाजाच्या पट्ट्या, नावांची जागा, सगळं आधीच मांडलेलं असतं. त्या साच्यात हा थर असतो. खालच्या सगळ्या दृश्यांमधली कातडी तो थोडी उजळ करतो, थोडी गुळगुळीत. लग्नात सगळ्यांना तसंच हवं असतं, कुणी सांगतही नाही, मागतही नाही. मी हे कामही त्याच साच्यात सुरू केलं होतं. तो थर वर असतो हे मी इतकी वर्षं बघत होतो की मला तो दिसायचा बंद झाला होता. लग्नात तो एकदाच लागतो. इथे मात्र माझ्याकडून गेलेल्या प्रत्येक फ्रेममध्ये तो मुरत होता आणि पुढच्या तुकड्यावर पुन्हा नव्याने लागत होता.

मॅडम म्हणाल्या, "मला वाटत होतं तुम्ही मुद्दाम करताय. पार्टीनं सांगितलं असेल, वडील जरा उजळ दिसू देत म्हणून. सगळेच सांगतात."

"मग मला विचारलं का नाही?"

"तुम्ही तरी कुठं विचारलंत?"

म्हणजे त्यांनाही माझा संशय होता. मला त्यावर राग यायला हवा होता, पण उलट थोडं हलकं वाटलं, आणि तेवढ्यावरच मी थांबलो. त्यांच्या फोल्डरमधल्या फोटोचा विषय मी काढला नाही. शिरोळला फोन करून, चूक आमच्या मॅडमची नव्हती, माझी होती, हेही सांगितलं नाही. म्हटलं, फिल्म नीट झाली की आपोआप मिटेल.

आम्ही पुन्हा सुरुवात केली. या वेळी रिकाम्या साच्यात. मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येक तुकडा मूळ चित्रांपासून, आणि सांध्यावर कधी बैलाची पाठ, कधी धोतराचा काठ आणि पायातल्या वहाणा, कधी उसाचं हलणारं पान. सलग चालण्याचा माझा हट्ट मी सोडला. खरं सांगायचं तर फिल्म आधीपेक्षा चांगली झाली. प्रत्येक वेळी म्हातारा परत दिसला की तो तोच असायचा. सावल्या मात्र मॅडमना दोन-तीनदा नव्याने करून घ्याव्या लागल्या, कारण एका तुकड्यात ऊन गोठ्याच्या बाजूने यायचं आणि पुढच्यात कडुनिंबाच्या.

दुसऱ्यांदा आई आणि मुलगा आले तेव्हा मुलगा आधीसारखा बोलत नव्हता. चहा नको म्हणाला. आई खुर्चीत बसल्यावर मॅडमकडे वळून, हसत, पण हसण्यासारखं नाही अशा आवाजात म्हणाला, "मॅडम, ह्या टायमाला तरी आमचंच बापू हाईत न्हवं? का तुमच्या वळखीचं कुणी?"

मॅडमनी त्याच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. मी काय सांगितलंय आणि कुणाला, हे त्यांना त्या एका क्षणात कळलं.

मला बोलावंच लागलं. मी मुलाला म्हणालो की मी तुम्हाला फोनवर जे सांगितलं ते खोटं निघालं. चेहरा यांनी बदलला नव्हता, माझ्या लग्नाच्या कामातल्या सवयीने तो बदलला. लग्नात नवरदेवाला गोरं करतो तसं तुमच्या वडिलांना थोडं थोडं गोरं करत गेलो आणि मला कळलं नाही. मुलाने माझ्याकडे रोखून बघितलं. मग म्हणाला, "बापूंना गोरं केलंसा? त्यांला हळदीत बी कुणी गोरं म्हटलं न्हवतं." आई मात्र मोठ्याने हसल्या. मॅडम हसल्या नाहीत.

मी फिल्म लावली.

म्हातारा दारातून आला. कडुनिंब, गोठा, बैलाची पाठ. तिरक्या अंगाने चेहरा, भुवईवरची खूण. आईंनी आपलं बोट स्वतःच्याच भुवईवर ठेवलं आणि तिथेच ठेवलं. म्हातारा बांधावर आला, हात पाठीमागे बांधून उसाच्या कडेने चालत निघाला. चेहरा इथेही तोच होता. मी श्वास सोडला. आणि आई म्हणाल्या, "हे असं हात मागं बांधून चालायचं का रं?"

मुलगा विचार करायला लागला. "आठवंना गं," तो म्हणाला. "चालत असतील की."

"मला बी आठवंना," आई म्हणाल्या. त्या पडद्याकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू निवळत चालला होता, चालत असतील, असा. मला ते दिसत होतं. मुलगा जिन्यात म्हणाला होता ते हेच. मला हेही माहीत होतं की ते बांधलेले हात मी कुठे बघितलेत. आणि मी तो फोटो कसा बघितला हे सांगावं लागेल म्हणून मी गप्प होतो.

मॅडम बोलल्या. "मावशी, ते हात आमच्या बाबांचे आहेत." मग त्यांनी समजावून सांगितलं. ओळखपत्रावरच्या फोटोत नुसता चेहरा आणि खांदे आहेत. खाली धोतर कसं नेसलेलं, माणूस उभा कसा, यासाठी काहीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी आपल्या वडिलांना अंगणात उभं करून फोटो काढला, मानेपासून वरचा भाग कापून टाकला, म्हणजे चेहरा मिसळणार नाही, आणि खालचा भाग एआयला दिला. त्यांचे वडील तसे हात बांधूनच उभे राहतात. ते त्यांना इतकं सवयीचं होतं की त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"म्हंजे हुतंच की कुणीतरी," मुलगा पुटपुटला.

"होय," मॅडम म्हणाल्या. "चूक झाली."

आई थोडा वेळ पडद्यावरच्या थांबवलेल्या माणसाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, त्या म्हणतील राहू दे. पंच्याहत्तर वर्षांच्या बाईने तसंच म्हणावं असं मला का वाटलं कोण जाणे.

"मग काढ बाई ते," त्या म्हणाल्या. "तुझं बाबा चांगलं असतील. मला माझंच पायजेत."

त्यांच्यासमोरच आम्ही बांधावरचं चालणं काढून टाकलं. दुसरे हात कसे असायचे हे कुणालाच आठवत नव्हतं, म्हणून दुसरे घातले नाहीत. गोठ्यातल्या दोन दृश्यांतही कोपर मागे गेलेलं दिसत होतं, तीही गेली. उरली ती सगळी चेहऱ्याच्या जवळची आणि मधे ऊस, बैल, पायऱ्या. चार मिनिटांची फिल्म तीन मिनिटांच्या आत आली. आईंनी ती परत लावायला सांगितली आणि या वेळी बोट भुवईवर न ठेवता नुसती बघितली. जाताना मॅडमच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पावणं, लग्नाचंच बरं हाय तुमचं."

ते गेल्यावर मॅडम आपल्या खुर्चीत बसून उरलेले तुकडे पुसत होत्या. मी म्हटलं, एक राहिलंय सांगायचं. तुम्ही जेवायला गेला होता तेव्हा मी तुमचं फोल्डर उघडलं होतं. बाबांचा फोटो मी तिथेच बघितला. म्हणूनच शिरोळला तसं बोललो. तुमच्या आधीच्या मालकालाही फोन केला होता.

"फोल्डरचं माहीत आहे," त्या म्हणाल्या. "शेवटचं काय उघडलं ते कॉम्प्युटर दाखवतो, दादा." फोनचं त्यांना माहीत नव्हतं. त्या परत तुकडे पुसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर आल्या, त्यानंतरही येत राहिल्या. काम तसंच चाललंय, तुकडे मूळ चित्रांपासूनच होतात, आणि रिकामा साचा मी आता सगळ्यात पुढे ठेवलाय. फक्त मॅडम चहाला उठल्या तरी आधी स्क्रीन लॉक करतात. बोटं दोन बटणांवर पडतात, आवाज होतो, पडदा काळा होतो. मी त्या वेळी दुसरीकडे बघतो.